पांढरी पँट, पांढरे मोजे आणि पावसाळ्यातला चिखल

चिखलाचा डाग हा चहा, शाई किंवा जांभळाच्या डागापेक्षा मुळातच वेगळा असतो. चहाचा किंवा जांभळाचा रंग पाण्यात विरघळलेला असतो आणि पाण्याबरोबर धाग्यात मुरतो. चिखल पाण्यात विरघळत नाही. तो बारीक कणांचा असतो आणि हे कण कापडाच्या विणीत, धाग्याच्या पिळात आणि त्याहूनही अरुंद अशा तंतूंमधल्या फटींत जाऊन बसतात. त्यामुळे चिखलाचे कपडे धुताना बहुतेक काम कण बाहेर काढण्याचे असते. रंग घालवण्याचे काम असलेच तर ते अगदी शेवटी आणि थोडेसे उरते. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी ब्लीच आणि मग घासणे असे झाले, की पांढरा गणवेश कायमचा पिवळट होतो.

मातीत वाळू असते, पोयटा असतो आणि चिकणमाती असते. वाळू कपडा झटकला की पडते. पोयटा साध्या पाण्याने निघतो. चिवटपणा असतो तो चिकणमातीत. तिचा एकेक कण 0.002 मिलिमीटरपेक्षाही लहान असतो आणि त्याचा आकार गोल नसून चपटा, पापुद्र्यासारखा असतो. असे असंख्य पापुद्रे पत्त्यांच्या कॅटासारखे एकमेकांवर बसतात आणि दोन पापुद्र्यांमध्ये पाणी असले की ते सहज घसरतात. म्हणून ओला चिखल बोटाला बुळबुळीत लागतो आणि म्हणूनच तो ओला असताना चोळला की पसरतो आणि आत सरकतो. कापसाचा तंतू साधारण 0.015 मिलिमीटर जाड, चपटा आणि पीळ पडलेला असतो. चिकणमातीच्या कणाला लपायला त्याच्या खाचांत भरपूर जागा मिळते.

पाण्यात चिकणमातीच्या कणांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो आणि सुती धाग्यावरही थोडा ऋण भारच असतो. समान भार एकमेकांना दूर लोटतात, तेव्हा खरे तर चिखलाने कापड आपणहून सोडायला हवे. ते होत नाही, याचे एक मोठे कारण पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. या दोन्हींवर धन भार असतो. ते कण आणि धागा यांच्या मध्ये उभे राहून दोघांना जोडून ठेवतात. जड पाण्यात, म्हणजे बोअरवेलच्या किंवा खाऱ्या चवीच्या विहिरीच्या पाण्यात, पांढरे कपडे हळूहळू मळकट होत जातात त्यामागे हेच आहे.

महाराष्ट्रात सगळा चिखल एकसारखा नाही. देशावरची, मराठवाड्यातली आणि विदर्भातली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसून तिला भेगा पडतात. शेतात उन्हाळ्यात जे दिसते तेच पँटच्या गुडघ्यावर छोट्या प्रमाणात घडते. काळ्या चिखलाचा थापा वाळला की कडांनी उचलला जातो आणि खपल्या निघतात. ओला असताना तो फार चिकट असतो, पण वाळल्यावर बराचसा आपणहून सुटतो. कोकणातली, दक्षिण कोल्हापुराच्या घाटमाथ्यावरची आणि गोव्यातली तांबडी माती वेगळी. ती जांभ्या दगडाची माती. ती फारशी फुगत नाही आणि आक्रसतही नाही, पण तिच्यात लोहाची ऑक्साइडे भरपूर असतात. तांबडा रंग त्यांचाच. लोखंडाच्या गंजातही हीच जातकुळी असते. त्यामुळे तांबड्या चिखलात दोन गोष्टी एकत्र येतात. एक चिकणमाती, जी धुऊन निघते. दुसरी लोहाची अतिशय बारीक भुकटी, जी मागे राहते आणि दोनतीन धुण्यांनंतरही गुलाबीसर पिवळी छटा दाखवते. काळ्या मातीच्या प्रदेशात पांढरी पँट सांभाळणे कोकणापेक्षा सोपे असते, ते याचमुळे.

म्हणून इथे अवघड बाजूचे उदाहरण घेतलेले बरे. रत्नागिरीजवळच्या एखाद्या गावातला सहावीतला मुलगा, शनिवारची सकाळची शाळा आणि कवायतीचा पांढरा गणवेश. पँट टेरिकॉटची, म्हणजे पॉलिएस्टर आणि सूत मिसळलेली. मोजे सुती-नायलॉनचे, तोंडाशी इलॅस्टिक असलेले. पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. मैदानात घसरल्यामुळे डाव्या गुडघ्यावर तळहाताएवढा तांबडा थापा बसलेला. घरी येताना डांबरी रस्त्यावरून चालल्यामुळे पँटच्या मागच्या बाजूला मोहरीपासून पोटरीपर्यंत काळपट शिंतोडे. मोजे मात्र बुटात शिरलेल्या गढूळ पाण्याने पूर्ण भिजलेले, तळवा आणि चवडा तांबूस. एकाच मुलाच्या अंगावर हे तीन वेगळे डाग आहेत आणि तिघांना एकच वागणूक देऊन चालत नाही.

गुडघ्यावरच्या थाप्यापासून सुरुवात करता येते. तो जाड आणि ओला आहे. इथे हात आवरणे सगळ्यात महत्त्वाचे. ओल्या फडक्याने पुसायला गेले की तळहाताएवढा डाग वीतभर होतो. स्टीलच्या चमच्याच्या कडेने, बाहेरून आत अशा दिशेने, वरचा चिखल अलगद उचलून घ्यावा. कापडावर दाब द्यायचा नाही. मग पँट उलटी न करता पंख्याखाली टांगावी आणि थापा वाळू द्यावा. पावसाळी हवेत याला चारपाच तास सहज लागतात. घाईने त्यावर इस्त्री किंवा केस वाळवायचा ड्रायर फिरवू नये. रस्त्याच्या चिखलात थोडे तेल असतेच आणि गरम झाल्यावर ते पॉलिएस्टरमध्ये आणखी घट्ट बसते.

वाळू द्यायची गरज फक्त जाड थाप्याला असते. मोज्यांत थापा नाही, नुसते गढूळ पाणी आहे, आणि ते पाणी वाळले की त्यातले कण धाग्याच्या आत जिथे असतील तिथेच चिकटून बसतात. त्यामुळे मोजे पायातून निघाल्याबरोबर धुवायला घेतलेले चांगले. ‘चिखल आधी वाळू द्यावा’ हा सल्ला घरोघरी दिला जातो आणि तो बरोबरही आहे, पण सरसकट नाही. पँट शनिवारी लागते आणि मोजे सोमवारीच लागतात, तेव्हा वेळेच्या दृष्टीनेही आधी मोजे हाती घेणे सोयीचे ठरते.

मोजे विणलेले असतात. पँटचे कापड उभ्या-आडव्या धाग्यांनी घट्ट बसलेले असते, तर मोज्यात फासे असतात आणि तळव्याला बहुधा टॉवेलसारखे उंच फासे ठेवलेले असतात, म्हणजे पायाला मऊ लागावे. चिखल नेमका या फाशांत साठतो. बूट घातलेला असताना घोट्याकडून शिरलेले पाणी तळव्याशी थांबते आणि प्रत्येक पावलाला टाच ते पाणी फाशांत दाबते. म्हणून मोजा नुसता चोळून पुरत नाही, फासे उघडावे लागतात. यासाठी मोजा उलटा करून एखाद्या काचेच्या बाटलीवर किंवा अरुंद तांब्यावर चढवावा, म्हणजे तळवा ताणून बसतो. मग त्यावर नळाची धार सोडावी आणि बोटांच्या पेरांनी हलके दाबत राहावे. पहिले पाणी विटेच्या रंगाचे येते. ते फिके होईपर्यंत साबण लावायचा नाही. मग मोजा सुलटा करून पुन्हा बाटलीवर चढवावा आणि हेच परत करावे. दोन मोज्यांना मिळून दहा मिनिटे जातात, पण बादलीत भिजवल्यावर जे काम तासाभरात होत नाही ते इथे झालेले असते.

साबण लावायची घाई का नको, याचे कारण साधे आहे. साबण किंवा पावडर कणांना धाग्यापासून सोडवते आणि पाण्यात तरंगत ठेवते. पण बादलीतल्या पाण्यात कणांची गर्दी फार झाली, की पावडर संपते, कण मोकळे होतात आणि पुन्हा कापडावर बसतात, या वेळी डागाच्या जागी न बसता सगळीकडे सारखे. मोजा स्वच्छ दिसतो, पण पांढरा राहत नाही, राखाडी होतो. वर्षभरात शाळेचे मोजे ज्या रंगाचे होतात, तो रंग बहुतेक वेळा असाच आलेला असतो. चांगल्या पावडरीत कण परत बसू नयेत म्हणून वेगळा घटक घातलेला असतो, पण तो मूठभर मातीला पुरत नाही.

पाणी फिके झाले की भिजवण्याची वेळ येते. पाच लिटर कोमट पाण्यात कपडे धुण्याच्या पावडरीचे दोन सपाट मोठे चमचे पुरतात. कोमट म्हणजे हाताला सुखद लागेल इतके, साधारण 40 अंश. कढत पाण्याने इलॅस्टिक सैल पडते. पाणी जड असेल तर पावडरीच्या आधी त्यात धुण्याच्या सोड्याचा एक लहान चमचा विरघळवून पाच मिनिटे थांबावे. सोडा कॅल्शियमला पकडून खाली बसवतो आणि मग पावडर मातीवर काम करायला मोकळी राहते. इथे स्वयंपाकाचा खायचा सोडा घेतल्यास उपयोग बराच कमी होतो, तो फार सौम्य असतो. साबणाची साधी वडी जड पाण्यात टाळलेली बरी. तिच्यातून कॅल्शियमचा चिकट पांढरा थर तयार होतो आणि तो मातीला कापडावर चिकटवून ठेवतो. कोकणात, घाटाखाली, पावसाळ्यात विहिरीचे पाणी पुष्कळ ठिकाणी मऊ असते, तिथे वडी चालते. पागोळ्यांचे पाणी तर फारच मऊ. मात्र ते कौलांवरून आलेले आणि पहिल्या सरी जाऊन गेल्यानंतरचे असावे. गंजलेल्या पत्र्यावरून आलेल्या पाण्यात लोह असते आणि जे घालवायचे तेच कपड्यात भरले जाते.

अर्धा तास भिजवणे पुरे. रात्रभर भिजत घालण्याची सवय अनेक घरांत आहे आणि चिखलाच्या बाबतीत ती नुकसानीची आहे. सुटलेली माती तळाशी जाते, तळाच्या कपड्यांवर बसते, शिवाय पावसाळ्यात सकाळपर्यंत पाण्याला वास येतो. अर्ध्या तासाने पाणी गढूळ झालेले असेल तर ते ओतून द्यावे आणि पुन्हा नव्या पावडरीत पंधरा मिनिटे घालावे. एकदाच लांब भिजवण्यापेक्षा दोनदा थोडे भिजवणे नेहमी सरस ठरते. त्यानंतर मऊ ब्रशने तळवा घासावा, तोही बाटलीवर ताणलेला असताना. कडक ब्रशने फासे तुटतात आणि मोज्याला केसाळ गोळे येतात, ज्यात पुढच्या वेळी आणखी चिखल धरतो.

आता पँट. संध्याकाळपर्यंत गुडघ्यावरचा थापा वाळून फिका पडलेला असतो आणि कडेला बारीक भेगा दिसतात. पँट अंगणात किंवा गॅलरीत नेऊन, डागाच्या मागच्या बाजूने, कापड दोन्ही हातांनी ताणून टिचकी माराव्यात. भुकटी पुढून गळते. ती थांबली की कोरड्या ब्रशने झाडावे. गणवेशाच्या पँटचे कापड पुष्कळदा तिरप्या रेघांच्या विणीचे असते. या रेघांच्या खोबणीत माती बसलेली असते, म्हणून ब्रश रेघेच्या दिशेने ओढायचा. आडवा ओढला तर माती एका खोबणीतून दुसऱ्या खोबणीत जाते. हे सगळे कोरडे करायचे. एक थेंबही पाणी आधी लागले तर भुकटीचा परत चिखल होतो. तांबड्या मातीत इथे थाप्याचा बहुतेक भाग निघून जातो आणि मागे विटकरी रंगाचा पातळ डाग उरतो.

या पातळ डागावर पाणी सोडायचे तेही मागच्या बाजूने. पँट उलटी करावी, डागाची जागा नळाखाली सपाट धरावी आणि धार आतून बाहेर जाऊ द्यावी. माती ज्या वाटेने आत शिरली त्याच वाटेने बाहेर पडते. पुढून धार सोडली तर ती कापडाच्या जाडीत आणखी खोल जाते. नळाला जोर नसेल तर तांब्याने वीतभर उंचीवरून पाणी ओतले तरी चालते.

मागच्या शिंतोड्यांचे प्रकरण वेगळे आहे. चालताना टाच उचलली की बुटाच्या किंवा चपलेच्या मागच्या कडेवरचे पाणी पोटरीवर उडते. रबरी सपाता घातल्या असतील तर ते अधिकच उडते, कारण सपात टाचेला आपटून पाणी वर फेकते. मडगार्ड नसलेल्या सायकलने तर पाठीपर्यंत रेघ ओढली जाते. डांबरी रस्त्यावरच्या या पाण्यात मातीबरोबर गाड्यांमधून गळालेले तेल आणि टायरची झीज असते. असा शिंतोडा वाळला तरी मातीसारखा फिका पडत नाही, काळपटच राहतो आणि बोटाने खरवडला तर भुकटी न पडता किंचित चिकट लागतो. पॉलिएस्टरला तेल आवडते आणि पाणी आवडत नाही, त्यामुळे टेरिकॉटवर हे शिंतोडे साध्या पावडरीने अर्धवट निघतात. यांच्यावर कोरड्या कापडावरच भांडी घासायच्या द्रव साबणाचा एकेक थेंब टाकून बोटाने मुरवावा, दहा मिनिटे ठेवावा आणि मग कोमट पाण्याने धुवावा. कापड आधी ओले केले तर साबण तेलापर्यंत पोचण्याआधीच पातळ होतो.

यानंतर पँट मोज्यांप्रमाणेच दोनदा भिजवायची, मात्र वेगळ्या पाण्यात. घरी धुण्याचे मशीन असले तरी ही सगळी तयारी आधी हाताने केलेली हवी. चिखलासकट पँट मशीनमध्ये टाकली की त्या फेरीतले सगळे पांढरे कपडे मळकट होतात. समोरून दार असलेली मशीन फार कमी पाणी घेते, त्यामुळे तिच्यात हे जास्त होते. शिवाय वाळूचे कण फिरत्या कपड्यांत घासतात आणि गुडघ्याचे, बुडाचे कापड विरळ करतात.

काम झाले की नाही हे ओल्या कापडावरून ठरवू नये. ओले कापड गडद दिसते आणि फिकट डाग त्यात लपतो. त्यापेक्षा शेवटच्या विसळण्याचे पाणी काचेच्या ग्लासात घेऊन मागे पांढरा कागद धरावा. पाण्यात तांबूस झाक असेल तर कण अजून निघत आहेत आणि साध्या पाण्याने आणखी विसळले पाहिजे. पाणी नितळ आहे, पण वाळल्यावर कापडावर पिवळट किंवा गुलाबी छटा आहे, असे झाले तर कणांचे काम संपले आणि आता लोह उरले आहे. हा फरक ओळखता आला की पुढचे सगळे सोपे होते, कारण या टप्प्यावर कितीही घासले तरी उपयोग नसतो. घासून फक्त कापड झिजते.

याच टप्प्यावर सर्वांत जास्त गणवेश बिघडतात, कारण हात ब्लीचच्या बाटलीकडे जातो. बाजारातले द्रव ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ते रंगद्रव्याचा रंग मोडते. लोहाच्या ऑक्साइडवर त्याचा काही परिणाम होत नाही, कारण ते आधीच पूर्ण गंजलेले असते. उलट पाण्यात विरघळलेले थोडे लोह असेल तर ब्लीच त्याचाही गंज करून कापडावर बसवते. डाग जातो तर नाहीच, त्याच्याभोवती पिवळी कड येते. मोज्यांचे नुकसान याहून मोठे. नायलॉन क्लोरीनने पिवळे पडते आणि इलॅस्टिकमधला ताणणारा धागा ठिसूळ होऊन तुटतो, मग मोजा घोट्यावर थांबत नाही. क्लोरीन नसलेली, ऑक्सिजनवर चालणारी पांढरे करणारी पावडर त्या मानाने सुरक्षित आहे, पण तीही माती पूर्ण निघाल्यावरच वापरावी. लोहाच्या संगतीत ती फार वेगाने फुटते आणि त्या जागी सुती धागा कमजोर होतो.

लोहाला घालवायचे तर त्याला विरघळवणारे आम्ल लागते. घरात यासाठी सर्वांत सोयीचे लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे सायट्रिक ॲसिड. एक ग्लास गरम पाण्यात एक लहान चमचा घालावे. उदाहरणातल्या पँटचा गुडघा, रविवारी सकाळी पूर्ण स्वच्छ धुतलेला आणि तरी तांबूस कड दाखवणारा, या पाण्यात वाटीत बुडवून अर्धा तास ठेवावा आणि पाणी निवले की बदलावे. बुडवलेल्या भागात लोखंडी हुक किंवा चेन येऊ देऊ नये. अर्ध्या तासाने विसळून, पिळून, उजेडात बघावे. छटा फिकी झाली असेल तर हेच एकदा परत करावे. घाई करून चमचे वाढवण्यापेक्षा वेळ वाढवणे हिताचे, कारण आम्ल हळू काम करते. एक गोष्ट कटाक्षाने पाळायची. आम्लाचे पाणी कापडावर वाळू द्यायचे नाही. पाणी उडून गेले की आम्ल दाट होत जाते आणि सुती धागा कुजवते. शेवटी भरपूर पाण्याने विसळून एकदा साध्या पावडरीत धुऊन घ्यावे. लिंबाची फोड आणि मीठ चोळून उन्हात ठेवण्याची जुनी पद्धत याच तत्त्वावर आहे आणि ऊन तिला खरोखर मदत करते. पण श्रावणातले ऊन घटकाभराचे, त्यावर विसंबून चालत नाही.

याहून जोरदार ऑक्झॅलिक ॲसिड असते. फरशीला पॉलिश करणारे कारागीर ते वापरतात आणि गंजाच्या डागावर ते लिंबूसत्त्वापेक्षा पुष्कळ लवकर चालते. पण ते पोटात गेल्यास विषारी आहे, त्वचेलाही त्रास देते आणि लहान मुलांच्या घरात त्याची पुडी असणेच धोक्याचे. गुडघ्यावरच्या फिकट छटेसाठी एवढी जोखीम घेण्यासारखी नाही. संडास साफ करायचे ॲसिड तर कपड्याच्या जवळही आणू नये. आणि कोणतेही आम्ल, लिंबूसत्त्व धरून, ब्लीचमध्ये मिसळायचे नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो छातीला गंभीर इजा करतो. एकाच दिवशी एकाच बादलीत आधी ब्लीच आणि मग लिंबूसत्त्व असे वापरले तरी हा धोका राहतो. व्हिनेगर आणि सोडा एकत्र करून फेस काढण्याचा उपाय धोकादायक नाही, पण निरुपयोगी आहे. दोघे एकमेकांना मारतात आणि उरते ते खारट पाणी.

मोज्यांवरचा प्रत्येक काळपट डाग चिखलाचा नसतो, हेही बघून घ्यावे लागते. इतर दिवशी मुले काळे चामड्याचे बूट घालतात. ते आतून भिजले की अस्तराचा आणि चामड्याचा रंग सुटतो आणि मोज्याच्या चवड्यावर, टाचेवर तपकिरी-काळा पट्टा उमटतो. चिखलाची जागा वाळल्यावर खरखरीत आणि कडक लागते. या पट्ट्याची जागा बाकीच्या मोज्याइतकीच मऊ असते आणि तिला कडा नसतात, रंग हळूहळू फिका होत जातो. हा मात्र खरा रंग आहे. इथे घासणे आणि लिंबूसत्त्व दोन्ही फुकट जातात आणि ऑक्सिजनची पांढरे करणारी पावडर कोमट पाण्यात तासदोन तास उपयोगी पडते. पट्टा पूर्ण जाईलच असे नाही. नायलॉनने रंग एकदा धरला की तो सहसा सोडत नाही.

नीळ सगळ्यात शेवटी आणि डाग गेला असेल तरच. निळीने कापड स्वच्छ होत नाही. पिवळटपणावर निळी छटा चढली की डोळ्याला ते पांढरे भासते, एवढेच. मातीची तांबूस छटा शिल्लक असताना नीळ दिली तर दोन्ही मिळून मळका करडा रंग येतो आणि मग डाग कुठे होता हेही कळत नाही. अर्ध्या बादलीला द्रव निळीचे तीनचार थेंब, आधी वाटीभर पाण्यात मिसळून, आणि कपडा पूर्ण उघडून बुडवायचा. घडी राहिली तर तिथे निळा ओघळ पडतो.

पावसाळ्यात वाळवणे हाही धुण्याचाच भाग ठरतो. दोन दिवस ओलसर राहिलेल्या कपड्याला कुबट वास येतो आणि त्यावर बुरशीचे बारीक काळे ठिपके पडू शकतात, जे चिखलापेक्षा कितीतरी चिवट असतात. धुतलेला मोजा किंवा पँटचा पाय कोरड्या टॉवेलात गुंडाळून वरून दाबला की पिळण्यापेक्षा जास्त पाणी निघते आणि इलॅस्टिकवर ताण येत नाही. मोजे चवड्याच्या बाजूने चिमट्यात अडकवून पंख्याखाली टांगावेत, म्हणजे पाण्याचे वजन इलॅस्टिकवर पडत नाही. पँट उलटी करून, दोन्ही पाय वेगळे राहतील अशी कमरेने टांगावी. पूर्ण वाळल्यावर, इस्त्रीच्या आधी, ती एकदा खिडकीच्या उजेडात बघावी. पोटरीवर तेलकट काळपट ठिपका राहिला असेल तर तेवढ्या जागेवर पुन्हा द्रव साबण लावून धुवावे लागते. गुडघ्याच्या शिवणीत पुसटशी तांबूस रेघ उरली असेल, तर तिला पुढच्या धुण्यात लिंबूसत्त्वाचा आणखी एक अर्धा तास देता येतो. जुन्या पँटच्या झिजलेल्या गुडघ्यातून मात्र ही रेघ पूर्ण जात नाही, कारण तिथल्या धाग्यांचे तंतू उसवलेले असतात आणि लोहाचे कण त्यांच्या आत रुतलेले असतात.